करन्सी जोडीचा चार्ट वाचायचा क्रम: आधी कॅन्डल, मग वळणं, रेघ सगळ्यात शेवटी

नवीन माणूस चार्ट उघडतो आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यावर आडवी रेघ मारतो. मग किंमत त्या रेघेला चार पिप ओलांडून परत फिरली की म्हणतो, सपोर्ट-रेझिस्टन्स, म्हणजे घसरण थांबवणारी आणि चढ अडवणारी जागा, वगैरे काही खरं नसतं. बहुतेक वेळा चूक रेघेत नसते, क्रमात असते. जोडी कुठल्या बाजूने वाचायची हे ठाऊक नसतं, कॅन्डल बंद झालेली नसते, टाइमफ्रेम पाच मिनिटांची असते, आणि अशा पायावर रेघ ओढलेली असते. खाली दिलेला क्रम तसाच पाळा. एक टप्पा जमल्याशिवाय पुढच्यावर जाऊ नका.

या लेखात फक्त वाचन आहे. सौदा कधी घ्यायचा, किती घ्यायचा, हा वेगळा विषय आहे आणि तो याच्या नंतर येतो.

## १. जोडी कुठल्या बाजूने वाचायची

शेअरच्या चार्टवर एकच वस्तू असते. करन्सीच्या चार्टवर दोन असतात आणि चार्ट फक्त पहिलीची किंमत दुसरीत सांगतो. EUR/USD समोर १.०८५० दिसलं तर त्याचा अर्थ, एक युरो घ्यायला १.०८५० डॉलर लागतात. चार्ट वर गेला की युरो डॉलरच्या तुलनेत महागला. तो युरो सुधारल्यामुळे महागला की डॉलर पडल्यामुळे, हे एकट्या चार्टवरून कळत नाही.

गोंधळ होतो तो USD/JPY सारख्या जोडीत. तिथे डॉलर पहिला आहे, म्हणून चार्ट वर जाणं म्हणजे येन घसरणं. मी सुरुवातीला 'येन मजबूत होतोय' असं वाचून हाच चार्ट वर जाईल अशी वाट पाहत बसलो होतो. दोन दिवस तो खाली जात राहिला आणि मला वाटत राहिलं की बाजार चुकतोय.

मोजमापाचं एकक पिप. बहुतेक जोड्यांत पिप म्हणजे दशांश चिन्हानंतरचा चौथा अंक, येनच्या जोड्यांत दुसरा. स्क्रीनवर त्याच्या पुढे आणखी एक बारीक अंक दिसतो तो पिपचा दहावा भाग. तो मोजू नका.

तपासा: समोरच्या जोडीबद्दल एक वाक्य मोठ्याने म्हणा: 'हा चार्ट वर गेला तर अमुक महाग आणि तमुक स्वस्त.' अडखळलात तर इथेच थांबा.

## २. चार्ट तयार करणे

चार्टचा प्रकार कॅन्डलस्टिक ठेवा. जे इंडिकेटर आपोआप लागून येतात ते सगळे काढा. टाइमफ्रेम D1, म्हणजे एक कॅन्डल बरोबर एक दिवस. सहा ते आठ महिने एका नजरेत मावतील इतपत चार्ट लहान करा.

D1 का, तर पाच मिनिटांच्या कॅन्डलमध्ये एखाद्या बातमीने किंवा बाजार शांत असताना आलेल्या एकाच मोठ्या ऑर्डरने विचित्र टोक तयार होऊ शकतं. दिवसाच्या कॅन्डलमध्ये सगळ्या सत्रांची देवाणघेवाण मुरलेली असते. लहान टाइमफ्रेमवर तुम्हाला जास्त लेव्हल, म्हणजे किंमत जिथून फिरते अशा जागा, दिसतील, पण त्यातल्या बऱ्याच उद्या कोणाच्या लक्षातही नसतील.

आता एक गोष्ट, जी नवशिक्यांना कोणी सांगत नाही. करन्सीचा बाजार एका इमारतीत भरत नाही, त्यामुळे दिवस कधी संपला हे ब्रोकरच्या घड्याळावर ठरतं. प्रचलित पद्धत न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाच वाजता दिवस बंद करण्याची आहे. ज्या चार्टवर दिवस वेगळ्या वेळी बंद होतो तिथे आठवड्यात रविवारची एक बुटकी कॅन्डल जादा दिसू शकते. दोन मित्रांच्या चार्टवर एकाच दिवसाची कॅन्डल वेगळी दिसते ती यामुळेच. कोणाचाच चार्ट बिघडलेला नसतो.

तपासा: कोणताही पूर्ण आठवडा घ्या आणि कॅन्डल मोजा. पाच असल्या तर ठीक. सहा असल्या तर सेटिंगमध्ये वेळ बदलून पाहा. बदलता येत नसेल तर ती रविवारची बुटकी कॅन्डल लेव्हल ठरवताना धरू नका.

सावधान: उभी पट्टी बोटाने ताणून चार्ट उंच-बुटका करता येतो. तेवढ्यावरून 'केवढी मोठी कॅन्डल' असं ठरवू नका. मोठी की लहान हे पिप मोजून ठरवायचं.

## ३. एक कॅन्डल, चार आकडे

कॅन्डलवर बोट ठेवलं की कोपऱ्यात O, H, L, C हे चार आकडे दिसतात: दिवस कुठे उघडला, सर्वांत वर कुठे गेला, सर्वांत खाली कुठे गेला आणि कुठे बंद झाला. उघडल्यापासून बंद होईपर्यंतचा जाड भाग म्हणजे बॉडी. तिच्या वर-खाली निघालेल्या बारीक दांड्या म्हणजे विक. बंद भाव उघड्या भावाच्या वर असेल तर कॅन्डल साधारणपणे हिरवी किंवा पांढरी, खाली असेल तर लाल किंवा काळी. रंग बदलता येतात, म्हणून दुसऱ्याच्या चार्टवर आधी रंगाचा अर्थ विचारा.

समजा एका दिवसाचे आकडे असे आहेत:

```
O 1.0840   H 1.0872   L 1.0826   C 1.0865
```

बॉडी २५ पिपची, वर जाणारी. वरची विक ७ पिप, खालची १४. पूर्ण कॅन्डल ४६ पिपची. शब्दांत सांगायचं तर: खाली ढकलण्याचा प्रयत्न झाला, तो टिकला नाही, आणि दिवस संपला तो उंचीच्या जवळ. इतकंच. 'उद्या वर जाणार' असं ही कॅन्डल कुठेही म्हणत नाही.

आणखी एक मर्यादा ओळखून ठेवा. किंमत आधी १.०८७२ ला गेली की आधी १.०८२६ ला, हे या कॅन्डलमध्ये लिहिलेलं नसतं. सकाळी खाली जाऊन दिवसभर चढलेली आणि आधी चढून, मग कोसळून, शेवटच्या तासात सावरलेली कॅन्डल हुबेहूब सारखी दिसू शकते. जाणून घ्यायचं असेल तर तोच दिवस H1 वर, म्हणजे एका तासाच्या कॅन्डलवर उघडावा लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे चालू कॅन्डल वाचणं. उजवीकडची शेवटची कॅन्डल अजून शिजत असते. दुपारी भलीमोठी लाल बॉडी दिसते, रात्री तीच खालच्या बाजूची लांब विक होऊन जाते. दिवस बंद होईपर्यंत तिच्याबद्दल काही ठरवायचं नाही.

हॅमर, डोजी, एन्गल्फिंग ही नावं तूर्त बाजूला ठेवा. नावं पाठ झाली की माणूस चार्टवर तीच शोधत फिरतो, आणि शोधलं की ती सगळीकडे सापडतात. लांब खालची विक चार्टच्या अधांतरी मध्यभागी आली तर तिला फारशी किंमत नाही. तीच विक जुन्या तळावर आली तर थांबून पाहायला हवं. म्हणून पुढचा टप्पा जागा शोधण्याचा.

तपासा: मागच्या वीस बंद कॅन्डलची पूर्ण उंची पिपमध्ये लिहा आणि सरासरी काढा. हा आकडा कागदावर ठेवा. पुढे पट्टा किती जाड करायचा हे यावरून ठरेल.

## ४. वळणं शोधणे

अजून रेघ नाही. आधी किंमत जिथून फिरली त्या जागा शोधायच्या.

साधा नियम: ज्या कॅन्डलचा तळ तिच्या डावीकडच्या दोन आणि उजवीकडच्या दोन कॅन्डलच्या तळांपेक्षा खाली आहे, ते खालचं वळण. उलट केलं की वरचं वळण. उजवीकडच्या दोन कॅन्डल बंद व्हाव्या लागतात, म्हणजे वळण झालं हे दोन दिवस उशिराच कळतं. ही उणीव आहे आणि ती तशीच स्वीकारायची. ती टाळायला गेलात की अर्धवट वळणांवर रेघा मारत बसाल.

या नियमाने सहा-आठ महिन्यांत खूप वळणं निघतील. आता गाळणी लावा. वळणापासून किंमत किती दूर गेली ते पाहा. मघाचा सरासरी आकडा ७० पिप असेल आणि किंमत वळून फक्त ५० पिप जाऊन रेंगाळली असेल तर ते वळण सोडून द्या. तीन-चार दिवसांच्या चालीइतकी तरी दूर गेली असेल तर ठेवा. त्या जागी खरोखर मोठी मागणी किंवा मोठी विक्री होती, असं मानायला तिथेच काही आधार असतो.

राहिलेल्या वळणांवर छोटे ठिपके द्या. मग चार्टपासून थोडं मागे सरका. दोन किंवा जास्त ठिपके जवळपास एकाच उंचीवर दिसतात का? वेगवेगळ्या महिन्यांतले असतील तर उत्तमच.

## ५. रेघ नाही, पट्टा

किंमत एकाच आकड्यावर फिरत नाही, कारण तिथे एकच माणूस उभा नसतो. कोणाची खरेदी थोडी वर लागलेली, कोणाची थोडी खाली. शिवाय मध्यवर्ती बाजारपेठ नसल्याने प्रत्येक ब्रोकरचा उच्चांक-नीचांक दोन-चार पिपने वेगळा असतो. एका पिपवर ओढलेली रेघ इथे टिकणारच नाही.

म्हणून चौकोनाचं साधन घ्या आणि पट्टा काढा. सपोर्टसाठी पट्ट्याची खालची कड सर्वांत खोल विकच्या टोकावर, वरची कड त्या वळणांतल्या सर्वांत खालच्या बंद भावावर. रेझिस्टन्ससाठी हेच उलटं. पट्टा सरासरी कॅन्डलच्या अर्ध्याहून जाड होत असेल तर तुम्ही दोन वेगळ्या लेव्हल एकात कोंबल्या आहेत.

आता मोजा. एका जोडीच्या D1 चार्टवर चालू किमतीच्या वर दोन आणि खाली दोन पट्टे पुरतात. माझ्या पहिल्या चार्टवर एकोणीस रेघा होत्या. किंमत कुठेही थांबली तरी ती कुठल्यातरी रेघेवरच थांबायची आणि मला वाटायचं, केवढं अचूक काढलंय!

१.०५००, १.१००० असे गोल आकडे लोकांच्या डोक्यात आपोआप बसतात, ऑर्डरही तिथे साचतात. पण गोल आकडा आहे म्हणून पट्टा काढायचा नाही. तिथे वळण झालेलं असेल तरच काढायचा.

सावधान: पट्टा काढल्यावर तो नव्या कॅन्डलला जुळवण्यासाठी रोज थोडाथोडा सरकवू नका. काढल्याची तारीख त्यावर लिहा.

## ६. किंमत पट्ट्यापाशी आल्यावर

इथे एकच प्रश्न विचारायचा: दिवस कुठे बंद झाला?

विक पट्ट्यात शिरली किंवा पलीकडे डोकावून आली, पण बंद भाव पट्ट्याच्या अलीकडेच राहिला, तर लेव्हल अजून उभी आहे. बॉडी पलीकडे गेली आणि दिवस पट्ट्याच्या पूर्ण बाहेर बंद झाला, तर ती तुटली असं धरायचं. बंद भाव पट्ट्याच्या आतच अडकला असेल तर आज काही कळलेलं नाही, दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. बाहेर बंद झालेली कॅन्डलही कधीकधी दोन दिवसांत परत आत येते. त्याला फसवं ब्रेकआउट म्हणतात, आणि ते आधी ओळखण्याची खात्रीची युक्ती कोणाकडेच नाही.

'लेव्हलला जितके जास्त स्पर्श तितकी ती भक्कम' हे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. पहिले दोन-तीन स्पर्श लेव्हल असल्याचं दाखवतात. पण प्रत्येक स्पर्शाला तिथल्या खरेदीच्या ऑर्डर थोड्या थोड्या संपतात. थोड्या दिवसांत पाचव्यांदा त्याच तळावर किंमत आली आणि दर वेळची उसळी आधीपेक्षा बुटकी असेल, तर मी तिला भक्कम न म्हणता थकलेली म्हणेन.

## ७. एक खरं उदाहरण: EUR/USD, मे ते ऑगस्ट २०२२

आपला चार्ट उघडा, D1 ठेवा आणि २०२२ च्या मे महिन्यापर्यंत मागे जा. खालचे आकडे तुमच्या चार्टवर काही पिप इकडेतिकडे असतील.

मेच्या मध्यावर किंमत १.०३५० पर्यंत खाली आली आणि फिरली. महिनाअखेरीस ती १.०७८० च्या आसपास होती. म्हणजे चारशेहून जास्त पिपची चाल, आपल्या गाळणीतून सहज पार होणारं वळण. टाइमफ्रेम W1, म्हणजे एक कॅन्डल एक आठवडा, करून आणखी मागे गेलात तर जानेवारी २०१७ चा तळ १.०३४० च्या जवळ दिसेल. पाच वर्षांच्या अंतराने दोन वळणं एकाच उंचीवर. मग जूनच्या मध्यावर किंमत पुन्हा आली, विक १.०३६० च्या आसपास टेकली आणि दिवस बराच वर बंद झाला.

पट्टा काढूया. खालची कड १.०३४०. या वळणांजवळचा सर्वांत खालचा बंद भाव मे महिन्यात १.०३८० च्या आसपास सापडतो, ती वरची कड. चाळीस पिपचा पट्टा. त्या काळात दिवसाच्या कॅन्डल चांगल्या शंभर पिपच्या आसपास होत्या, म्हणून एवढी जाडी चालते.

५ जुलैला एक लांब लाल कॅन्डल येते. पट्ट्याच्या वर उघडते आणि १.०२७० च्या जवळ बंद होते, जवळपास स्वतःच्याच तळाशी. बंद भाव पट्ट्याच्या पूर्ण बाहेर. सपोर्ट तुटला.

पुढे किंमत १.०००० पर्यंत घसरली, म्हणजे एक युरो बरोबर एक डॉलर. १४ जुलैची कॅन्डल बारकाईने पाहा. तिची विक ०.९९५० च्या आसपास गेली आहे, पण दिवस १.०००० च्या वर बंद झाला. त्या दिवशी 'पॅरिटी तुटली' अशी हाकाटी होती. बंद भाव पाहणाऱ्याला ती त्या दिवशी तुटलेली दिसली नसती.

आता मुख्य गोष्ट. किंमत वर फिरली आणि १० ऑगस्टला अमेरिकेचे महागाईचे आकडे अपेक्षेपेक्षा कमी आल्यावर उसळली. उच्चांक १.०३७० च्या जवळ, बंद १.०३०० च्या आसपास. कॅन्डल हिरवी आहे, मोठी आहे. फक्त रंग पाहणारा म्हणेल, युरो सुटला. पण वरची विक ७० पिपच्या आसपास आहे आणि तिचं टोक आपल्या जुन्या पट्ट्याच्या आत आहे. दुसऱ्या दिवशी किंमत पुन्हा त्याच उंचीला गेली आणि पुन्हा पट्ट्याच्या खाली बंद झाली. तिसऱ्या दिवशी लाल कॅन्डल. २२ ऑगस्टला दिवस १.०००० च्या खाली बंद झाला.

जो तळ होता तोच छत झाला. यामागचं सर्वमान्य स्पष्टीकरण असं: मे-जूनमध्ये ज्यांनी त्या पट्ट्यात युरो घेतले ते जुलैमध्ये तोट्यात अडकले. किंमत परत तिथे आली की त्यातले बरेच जण 'मुद्दल सुटलं, बास' म्हणून विकतात. आधी सपोर्ट तुटताना पाहिलेले नवे विक्रेतेही तिथेच थांबलेले असतात.

हेही लक्षात घ्या की मी हे सगळं झाल्यानंतर सांगतोय. ११ ऑगस्टच्या रात्री फक्त इतकंच म्हणता आलं असतं की जुना पट्टा अजून वरून दाबतोय. पुढे त्याच नोव्हेंबरमध्ये किंमत तो पट्टा वरच्या दिशेने पार करून गेली.

## ८. सराव, उजवी बाजू झाकून

दुसरी एखादी जोडी घ्या. चार्ट एक वर्ष मागे सरकवा, म्हणजे पुढच्या कॅन्डल दिसणार नाहीत. काही चार्टवर यासाठी रिप्लेचं बटण असतं. नसेल तर उजवीकडे कागद धरा. टप्पे ४ आणि ५ करून पट्टे काढा. मग एकेक कॅन्डल उघडा आणि किंमत पट्ट्यापाशी आली की पुढची उघडण्याआधी वहीत तीनपैकी एक शब्द लिहा: उभी, तुटली, कळलं नाही.

तीस नोंदी झाल्या की वही पाहा. 'कळलं नाही' एकदाही आलं नसेल तर तुम्ही बंद भावाऐवजी अंदाज लिहिताय. टप्पा ६ पुन्हा वाचा. 'उभी' लिहिलेलं दुसऱ्याच दिवशी सारखं तुटत असेल तर पट्टे फार अरुंद आहेत, आणि त्यासाठी टप्पा ५ मधलं कडांचं मोजमाप पुन्हा करावं लागेल.

H4 वर, म्हणजे चार तासांच्या कॅन्डलवर जायचं ते यानंतर, आणि तेही D1 चे पट्टे तसेच ठेवून. तिथे तुम्हाला दिसेल की D1 वरची एक लांब विक प्रत्यक्षात सहा छोट्या कॅन्डलची धुमश्चक्री होती. मोठ्या बातमीच्या वेळी आणि दिवस बदलताना खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर, म्हणजे स्प्रेड, रुंदावतं. त्या मिनिटांत लहान टाइमफ्रेमवर उमटलेल्या विक नव्या लेव्हल म्हणून धरू नका.